फोटोच्या पाठीवरचा मजकूर

जुन्या फोटोच्या पाठीवरचं अक्षर दिसेनासं झालं, की आपण म्हणतो शाई उडाली. बहुतेक वेळा ती पूर्ण उडालेली नसते. तिचा रंग गेलेला असतो, पण रंगाबरोबर जे कागदात मुरलं होतं ते बरंचसं तिथेच असतं. शिवाय टाकाच्या निबने किंवा पेन्सिलीच्या टोकाने कागद जिथे दाबला गेला, तिथे बारीकशी खाच राहते. डोळ्यांना या दोन्ही गोष्टी जाणवत नाहीत, कारण आपण त्या वरून पडणाऱ्या साध्या उजेडात पाहतो. उजेडाची दिशा बदलली किंवा उजेडाचा प्रकार बदलला, तर तोच कागद वेगळं दाखवतो. माझ्या आजीच्या एका फोटोच्या पाठीवरचा मजकूर मी अशाच पद्धतीने वाचला, आणि त्यासाठी मूळ कागदाला कशाचाही थेंब लावावा लागला नाही.

फोटो पोस्टकार्डाच्या आकाराचा, काळापांढरा. स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यापुढे, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून आजी उभी आहे. हा फोटो स्थळासाठी काढलेला, असं आमच्या घरात सगळे सांगत आले. पाठीवर वरच्या भागात तीन ओळींची फिकट तपकिरी छटा दिसायची, आणि खाली पेन्सिलीचं काहीतरी कधीकाळी असावं असा संशय यायचा. फोटो पूर्वी काळ्या पानांच्या आल्बममध्ये डिंकाने चिकटवलेला होता. कोणीतरी तो ओढून काढला तेव्हा डिंकाचे तपकिरी डाग आणि काळ्या कागदाचे तंतू पाठीवर राहिले, त्यातला एक मोठा डाग नेमका दुसऱ्या ओळीवर.

असा मजकूर दिसला, की पहिली इच्छा होते ती त्यावरून पेन फिरवण्याची. दुसरी इच्छा ओल्या कापसाने डाग पुसण्याची. दोन्ही टाळायला हव्यात. पेन फिरवलं की आपण आपलं वाचन मुळावर लादतो आणि ते चुकलं तर दुरुस्तीची वाट बंद होते. पाण्याचं म्हणाल, तर फोटोची चित्राची बाजू जिलेटिनच्या थरावर असते. जिलेटिन पाण्याने फुगतं, मऊ होतं, बोटाचा ठसा धरतं, समोरच्या कागदाला चिकटतं. शिवाय पूर्वी बाजारात मिळणाऱ्या वड्यांची किंवा पुड्यांची शाई पाण्यात विरघळणारी असे. ती ओली झाली की जे थोडंफार शिल्लक आहे तेही पसरून जातं.

युरोपातल्या ग्रंथालयांनी हा धडा फार किंमत देऊन घेतला. एकोणिसाव्या शतकात इटलीतले ग्रंथपाल आंजेलो माय यांनी जुन्या चर्मपत्रांवरचा पुसलेला मजकूर उघड करायला मायफळाचा अर्क वापरला. अर्कातलं टॅनिन पुसट शाईतल्या लोहाशी संयोग पावतं आणि अक्षर काही काळ गडद होतं. सिसेरोचा हरवलेला एक ग्रंथ त्यांनी याच सुमारास अशा पुसलेल्या पानांमधून वाचून प्रसिद्ध केला. पण अशा अर्कांनी पुढे पानंच्या पानं काळपट तपकिरी झाली आणि नंतरच्या अभ्यासकांना त्यातलं बरंचसं वाचणं अवघड होऊन बसलं. ज्यांनी आधी वाचलं त्यांनी नंतरच्यांचं वाचन हिरावून घेतलं. म्हणून आज अशा कामात पहिला नियम पाळला जातो तो असा, की मुळावर काहीही करायचं नाही. पुन्हा उभा करायचा तो मजकूर, शाई नाही.

मग सुरुवात कुठून करायची? शाई कोणती आहे हे ओळखण्यापासून. आपल्याकडच्या जुन्या दफ्तरांतले मोडी कागद दोन-दोनशे वर्षांनंतरही काळेभोर दिसतात, कारण ती काजळाची शाई. काजळ म्हणजे शुद्ध कोळसा, त्याला उन्हाने काही होत नाही. विसाव्या शतकातली दौतीतली निळी-काळी शाई मात्र वेगळी. तिच्यात लोहाचा क्षार आणि टॅनिन असतं, म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर हिराकस आणि हिरडा यांची जोडी. हे मिश्रण लिहिताना जवळजवळ रंगहीन असतं आणि हवा लागल्यावर काळं पडतं. लिहिणाऱ्याला लगेच अक्षर दिसावं म्हणून त्यात निळा रंग घालत. पुढे वर्षानुवर्षांत निळा रंग उडतो आणि लोहाचं संयुग काळ्याचं तपकिरी होत जातं. फोटोवरच्या ओळी तपकिरी दिसत होत्या, निळसर किंवा जांभळट नव्हत्या. याचा अर्थ शाई लोहाची असण्याचा संभव मोठा होता आणि मजकूर परत मिळण्याची आशाही. नुसत्या रंगाची शाई असती, तर रंग गेल्यावर कागदावर फार थोडं उरलं असतं.

आता उजेड. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी धोक्याची पद्धत तिरप्या उजेडाची. खोलीत पूर्ण अंधार करायचा, फोटो टेबलावर सपाट ठेवायचा, पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर काच टेकवून तिच्यावर मोबाइल बरोबर वरून फोटोकडे बघेल असा ठेवायचा. मग साधी बॅटरी टेबलाच्या पातळीवर, फोटोपासून हातभर दूर धरायची, म्हणजे उजेड कागदावरून जवळजवळ आडवा सरपटत जातो. कागदातली प्रत्येक खाच सावली टाकते. हे चारही बाजूंनी करायचं आणि प्रत्येक वेळी छायाचित्र घ्यायचं, कारण उजेड ज्या दिशेने जातो त्याच दिशेची रेघ सावली टाकत नाही. देवनागरी आणि मोडीसाठी हे फार महत्त्वाचं आहे. उजेड डावीकडून धरला तर शिरोरेघ गायब होते आणि उभे दंड उठून दिसतात. वरून धरला तर शिरोरेघ स्पष्ट होते आणि दंड नाहीसे होतात. एकच छायाचित्र पाहून वाचायला बसलो, तर अर्धी लिपी हातातून निसटते.

पाठीकडून फारसं काही हाती लागलं नाही. डिंकाच्या वाळलेल्या पापुद्र्यांचे उंचवटे स्वतःच इतक्या सावल्या टाकत होते, की अक्षराच्या खाचा त्यांत हरवून गेल्या. तेव्हा मी फोटो उलटला आणि चित्राच्या बाजूने तोच उजेड टाकला. मागून निबचा दाब पडला, की समोरचा गुळगुळीत थर तेवढ्या रेघेपुरता वर उचलला जातो. आजीच्या खांद्यामागच्या करड्या पडद्यावर, जिथे चित्रात काहीच नाही, तिथे केसाएवढ्या बारीक रेघा उठल्या. अर्थातच उलट्या, आरशात दिसाव्यात तशा. छायाचित्र कॉम्प्युटरवर आडवं फिरवलं तेव्हा एक अखंड शिरोरेघ आणि तिला लोंबकळणारी अक्षरं दिसली. मोडी लिहिणारा आधी ओळभर रेघ ओढतो आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जातो, शब्दांमध्ये जागा सोडत नाही. ती अखंड रेघ पाहिल्यावर मजकूर मोडीत आहे याबद्दल शंका उरली नाही.

दुसरी पद्धत अतिनील उजेडाची, म्हणजे जांभळ्याच्या पलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांची. दुकानात नोटा तपासायला जो निळसर दिवा असतो तो बहुधा याच जातीचा. कागदावर हे किरण पडले की कागद स्वतः मंद निळसर चमकतो. लोहाची शाई मात्र ते किरण शोषून घेते, त्यामुळे ती असते तिथे कागद चमकत नाही. साध्या उजेडात जे अक्षर फिकट तपकिरी, ते इथे उजळ कागदावर काळसर दिसतं. दिवा घेताना त्यावर ३६५ नॅनोमीटर असं लिहिलेलं पाहावं. स्वस्तातल्या बॅटऱ्या बऱ्याचदा ३९५च्या असतात. त्यांतून दिसणारा जांभळा उजेडही भरपूर येतो आणि कागदाची चमक त्यात बुडून जाते. दोन गोष्टी इथे जपायच्या. हे किरण डोळ्यांना वाईट, म्हणून दिव्याकडे थेट पाहायचं नाही आणि त्यासाठीचा चष्मा घालायचा. आणि हेच किरण शाईलाही उडवतात, म्हणून सगळी तयारी साध्या उजेडात करून ठेवायची, दिवा काही सेकंदच लावायचा, छायाचित्र घ्यायचं आणि बंद करायचा.

याच उजेडात कागदाचं वयही थोडंफार कळतं. १९५०च्या दशकाच्या पहिल्या निम्म्यात फोटोच्या कागदात पांढरेपणा वाढवणारी रसायनं येऊ लागली, कपड्यांच्या साबणात असतात त्या जातीची. अशी रसायनं असलेला कागद अतिनील उजेडात डोळे दिपतील इतका निळा-पांढरा पेटतो. अमेरिकन छायाचित्रकार लुईस हाइन १९४० साली वारले. त्यांच्या हयातीतले म्हणून विकल्या गेलेल्या काही प्रती १९९०च्या दशकाच्या अखेरीस या उजेडाखाली धरल्या, तेव्हा त्यांचा कागद असाच चमकला. म्हणजे त्या प्रती हाइन यांच्या मृत्यूनंतर काढलेल्या होत्या. आजीच्या फोटोचा कागद नुसता मंद, पिवळसर निळा दिसला. त्यावरून तारीख ठरत नाही, कारण ही रसायनं नसलेला कागद नंतरही वापरात होता. पण फोटो पन्नाशीच्या सुरुवातीचा किंवा त्याआधीचा असायला या कागदाची हरकत नव्हती.

तिसरी पद्धत रंग वेगळे करण्याची. फोटोची पाठ स्कॅनरवर १२०० डीपीआयला, ४८ बिट रंगात आणि टिफ फाइलमध्ये घेतली. स्कॅनर स्वतःहून जे उजळ करतो, धार आणतो, ते सगळं आधी बंद करायचं असतं. नाहीतर तो आपल्याला हवी असलेली फिकट छटा कचरा समजून पुसून टाकतो. फोटो वाकलेला किंवा त्याचा थर तडकलेला असेल तर मात्र स्कॅनरच्या झाकणाखाली दाबू नये, वरून कॅमेऱ्यानेच टिपावा. पुढचं काम ImageJ च्या Fiji या मोफत आवृत्तीवर केलं. त्यातल्या `Image > Color > Split Channels` या आज्ञेने एका रंगीत चित्राची तीन काळीपांढरी चित्रं होतात: लाल, हिरवं आणि निळं. शाई ज्या रंगाचा उजेड शोषते, त्या रंगाच्या चित्रात ती सर्वांत गडद दिसते. तपकिरी शाई निळा उजेड शोषते म्हणून ती निळ्या चित्रात उठते. निळी शाई लाल चित्रात आणि जांभळा शिक्का हिरव्या चित्रात. निळ्या चित्रावर मग `Process > Enhance Local Contrast (CLAHE)` चालवलं, म्हणजे कागदाच्या प्रत्येक लहान भागातला गडद-फिकट फरक तिथल्या तिथे वाढतो.

या टप्प्यावर फसायला होतं. फरक वाढवत नेला, की कागदाचे तंतूसुद्धा अक्षरांसारखे दिसू लागतात. एखादा काना हवा असेल तर डोळा तो शोधून काढतो. म्हणून एक कसोटी ठेवायची: कोणतीही रेघ निदान दोन वेगळ्या पद्धतींच्या छायाचित्रांत दिसली, तरच ती अक्षराची रेघ मानायची. निळ्या चित्रातली रेघ अतिनील छायाचित्रातही हवी किंवा तिरप्या उजेडातल्या उंचवट्याशी जुळायला हवी. एकाच ठिकाणी दिसणारी रेघ तोवर संशयित.

सगळ्या प्रतिमा एकावर एक बरोबर बसवून मी मोडी शिकवणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांकडे गेले. मला मोडी जेमतेम येते. सरांनी प्रतिमा पाहिल्या आणि पहिला प्रश्न विचारला, "या हाताचं आणखी काही लिहिलेलं आहे का तुमच्याकडे?"

"कोणाचा हात आहे तेच माहीत नाही सर."

"आजींच्या माहेरचं बघा. त्या काळात फोटोमागे मोडीत लिहिणारा माणूस बहुधा वडील किंवा काका. दुकानदार असतील तर वह्या असतील."

आजीच्या वडिलांचं किराणा दुकान होतं आणि तिच्या भावाच्या घरी एक खतावणी उरली होती. ती मागून आणली. मोडी वाचणं म्हणजे बरंचसं एका माणसाचा हात वाचणं. काना अक्षराला जोडूनच येतो, ऱ्हस्व-दीर्घ वेगळं दाखवलं जात नाही, हात न उचलता लिहिल्यामुळे अक्षरं एकमेकांत मिसळतात, आणि प्रत्येक लिहिणाऱ्याची मोडण वेगळी असते. सरांनी खतावणीतून त्या हाताची मुळाक्षरं काढून घेतली. फुटाणे, फणस आणि फडताळ यांच्या नोंदींमधून फ कसा वळतो ते कळलं, झाडूच्या नोंदीतून झ. मग फोटोवरचं एकेक अक्षर त्या तक्त्याशी लावून पाहिलं. जे नक्की दिसत होतं ते तसंच लिहिलं, जे संशयाचं त्याखाली टिंब दिलं, जे दिसत नव्हतं तिथे चौकोनी कंस. अंदाजाने जागा भरायला त्यांनी ठाम नकार दिला.

पहिल्या ओळीत तारीख होती. वर श्री, मग शके १८, त्यापुढचा आकडा डिंकाखाली, मग ४. त्यानंतर नं, एक पुसलेलं अक्षर आणि न, पुढे संवत्सर आणि ज्येष्ठ. दहाचा एक आकडा गेला म्हणजे १८०४ पासून १८९४ पर्यंत दहा शक्यता. इथे संवत्सराचं नाव कामी आलं. पंचांगातली साठ संवत्सरं क्रमाने फिरतात आणि साठ वर्षांनी तेच नाव परत येतं. शके १८५४ हे अंगिरा, १८६४ चित्रभानू, १८७४ नंदन, १८८४ शुभकृत. त्या दहा शकांत नंदन दोनदाच येतं, १८१४ आणि १८७४. पैकी शके १८१४ म्हणजे इसवी सन १८९२, तेव्हा आजीचा जन्मही झालेला नव्हता. उरतं ते १८७४. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या महिन्यांत तेवढे ७९ मिळवायचे. ज्येष्ठ महिना असल्यामुळे ७८, म्हणजे १९५२ सालचा मे-जून.

दुसऱ्या ओळीत चि. आणि आजीचं माहेरचं नाव अगदी नीट लागलं. नावामागे सौ. नव्हतं, म्हणजे फोटो लग्नाआधीचा हे घरातलं म्हणणं खरं ठरलं. त्यापुढे दोन शब्द होते आणि तिथेच मोठा डाग. पहिल्या शब्दाची सुरुवात अंधूक, शेवट नल. दुसरा शब्द प ने सुरू होऊन पुढे स, आणि मग डिंक.

माझ्या आत्याने प्रतिमा पाहून लगेच सांगितलं, "अगं, पसंत लिहिलंय ते. मी म्हणत होते ना, स्थळासाठीच काढलेला फोटो आहे आईचा."

"आत्या, पसंत असेल तर पुढे त हवा ना?"

"डागाखाली असेल."

आत्याचं म्हणणं अगदीच टाकून देण्यासारखं नव्हतं. डाग निळ्या चित्रात काळाकुट्ट, लाल चित्रात डाग फिकट पण त्याबरोबर शाईही फिकट, आणि अतिनील उजेडात डाग शाईइतकाच गडद. तिन्ही पद्धती त्या जागेपुरत्या आंधळ्या झाल्या होत्या. तेव्हा दोन प्रश्न वेगळे केले. एक, प आणि स यांच्यामध्ये काय आहे? हा भाग डागाच्या बाहेर होता. अतिनील छायाचित्रात प मधून वर जाऊन शिरोरेघेला भिडणारी एक रेघ दिसत होती, आणि तीच निळ्या चित्रातही होती. खतावणीत पाव, पाने, पापड या नोंदींमध्ये पा जसा जोडला आहे, तशीच ती रेघ. म्हणजे काना आहे, आणि काना असेल तर पसंत होऊ शकत नाही. दोन, स नंतर डागाखाली काय आहे? त्यासाठी फोटोच्या समोरच्या बाजूचा तिरपा उजेड. डिंक मागे आहे, समोर नाही. समोरून त्या जागी स चा उंचवटा, मग नुसती शिरोरेघ, आणि लगेच खतावणीतल्या झाडूचा झ. त कुठेही नाही. पास झाली.

एवढं ठरल्यावर आधीचा शब्द सरांनी पुन्हा तक्त्याशी लावला. अंधूक सुरुवात खतावणीतल्या फुटाण्यांच्या फ शी जुळली. फायनल. तिसरी ओळ मग सरळ लागली, कारण तिच्यावर डाग नव्हता. सगळा मजकूर असा: "श्री. शके १८[७]४ नं[द]न संवत्सर ज्येष्ठ. चि." त्यापुढे आजीचं नाव, आणि "फायनल पास झाली. सातारा येथे फोटो काढविला."

मराठी सातवीनंतरच्या त्या परीक्षेला लोक फायनल म्हणत. खेड्यातल्या मुलीने ती पास होणं ही तेव्हा घरातली मोठी बातमी असे, कारण त्या दाखल्यावर प्राथमिक शाळेत शिक्षक होता येई. आजीच्या वडिलांनी मुलीला साताऱ्याला नेऊन फोटो काढवला तो त्यासाठी. पुढे कदाचित तोच फोटो स्थळांना दाखवलाही असेल. फोटोच्या पाठीला त्याबद्दल काही माहीत नाही, म्हणून मीही ते ठरवून सांगणार नाही. पण तो कशासाठी काढला, हे आता काढवणाऱ्याच्याच अक्षरात आहे. आत्याने ते वाचलं आणि बराच वेळ फोटोकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "आईने कधी सांगितलं नाही गं. आम्हाला वाटायचं, ती चौथीपर्यंतच शिकली."

उरली पेन्सिलीची ओळ. पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्राफाइट, कार्बनचाच प्रकार. ते उन्हाने उडत नाही, पण खोडरबराने निघतं, आणि ही ओळ खोडलेली होती. अतिनील उजेड इथे उपयोगाचा नाही. पुसल्यावर राहते ती पेन्सिलीच्या टोकाची खाच आणि खाचेत अडकलेले ग्राफाइटचे थोडे कण. खाच तिरप्या उजेडात दिसते. कण अवरक्त किरणांत, म्हणजे लालच्या अलीकडच्या, उष्णतेच्या बाजूच्या अदृश्य उजेडात गडद दिसतात, कारण ग्राफाइट ते किरण शोषून घेतं. त्यासाठी वेगळा कॅमेरा लागतो, साध्या मोबाइलमध्ये हे किरण अडवणारी काच बसवलेली असते. तो कॅमेरा माझ्याकडे नव्हता.

तिरप्या उजेडात ती ओळ बाळबोध अक्षरांत आहे एवढं स्पष्ट झालं, आणि तिच्यातले दोन शब्द लागले. पहिला पुणें. णे वर एक ठिपका होता आणि तो अनुस्वार की माशीचा डाग हे ठरवणं भाग होतं. माशीचा डाग कागदावर उंचवटा करतो, पेन्सिलीचा ठिपका खळगा. उजेड डावीकडून टाकला तर खळग्याची सावली त्याच्या डाव्या कडेला पडते आणि उंचवट्याची उजव्या बाजूला. इथे सावली डावीकडे होती, म्हणून खळगा, म्हणून अनुस्वार. १९६२च्या लेखननियमांनी असे अनुस्वार जाईपर्यंत पुणें असंच लिहीत, त्यामुळे काळही जुळतो. दुसरा शब्द ट्रेनिंग. दोन्हींच्या मध्ये तीन-चार अक्षरांची जागा आणि शेवटी आणखी काही, पण तिथे रबर इतक्या जोराने चालवलं आहे की कागदाचा वरचा थरच सोलला गेला आहे. खाचही त्याबरोबर गेली.

पुण्यात शिक्षिका घडवणारं मुलींचं ट्रेनिंग कॉलेज तेव्हा होतं. फायनलनंतर तिथे जाण्याचा विचार आजीच्या किंवा तिच्या वडिलांच्या मनात असेल, हे सुचतं. तो कोणी लिहिला आणि कोणी खोडला हे मात्र या दोन शब्दांवरून सांगता येत नाही. आजीच्या हातची लग्नानंतरची हिशेबाची वही घरात आहे. तिच्यातला ट आणि फोटोवरचा ट सारखे वाटतात, पण एका अक्षरावरून हात ठरत नाही असं सरांचं म्हणणं, आणि ते मला पटलं.

आता फोटो जसा होता तसाच, डागांसकट, साध्या पॉलिस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवला आहे. पीव्हीसीच्या मऊ पिशव्यांमधून कालांतराने वायू सुटतो आणि तो चांदीच्या चित्राला बाधतो, म्हणून त्या टाळल्या. पाठीवर काहीही नव्याने लिहिलेलं नाही. पाकिटासोबत एका वेगळ्या कागदावर मऊ पेन्सिलीने पूर्ण वाचन लिहिलं आहे, कंस आणि टिंबांसकट, आणि प्रत्येक शब्द कोणत्या प्रतिमेवरून वाचला तेही. मूळ टिफ फाइल आणि चारही दिशांच्या उजेडातली छायाचित्रं दोन ठिकाणी जपून ठेवली आहेत. चौथ्या ओळीसाठी त्या कागदावर असं लिहिलं आहे: पुणें [तीन ते चार अक्षरं] ट्रेनिंग [पुढे अवाच्य], हात निश्चित नाही. घरातल्या पुढच्या कोणाच्या हाती अवरक्त कॅमेरा आला, तर त्याला कुठे पाहायचं हे माहीत असेल, आणि आमच्या वाचनातलं काय तपासून घ्यायचं तेही.